विटांच्या चिमणीत σmin मायनस आलं तर नक्की काय समजायचं?

प्रश्न: सर, मी सिव्हिल डिप्लोमाला आहे. गणित असं आहे की विटांची गोल चिमणी, उंची ३० मीटर, बाहेरचा व्यास ३ मीटर, आतला २ मीटर, वीटकाम २० kN/m³, वाऱ्याचा दाब १.२ kN/m², आकाराचा गुणांक ०.७. मला बेसला मिनिमम स्ट्रेस −८ kN/m² आला. पुस्तकात उत्तर प्लस आहे. मायनस आलं म्हणजे चिमणी पडणार का? आणि नो टेन्शनची लिमिट नक्की कशी काढायची?

उत्तर:

आधी तुझ्या −८ चा निकाल लावू, कारण तो आकडा बघूनच कळलं की तू Z कुठे चुकवलास. पोकळ गोलासाठी तू π(D³ − d³)/32 घेतलंयस. भरीव गोलाचा Z हा πD³/32 असतो म्हणून आतला तसाच वजा करून टाकला, खूप जण हेच करतात. पण Z अशी वजाबाकी करून मिळत नाही, वजाबाकी I ची करायची, कारण I दोन्ही गोलांचा एकाच मध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती असतो, आणि मग आलेला I बाहेरच्या कडेच्या अंतराने म्हणजे D/2 ने भागायचा. तसं केलं की I येतो ३.१९ m⁴ आणि Z येतो २.१२७ m³. तुझा १.८६५ येत असणार. एवढ्या एका गोष्टीने उत्तर प्लसमधून मायनसमध्ये गेलं.

आता पूर्ण गणित एकदा सरळ करून घेऊ, म्हणजे पुढे जे सांगायचंय ते याच आकड्यांवर सांगता येईल.

रिंगचं क्षेत्रफळ ३.९२७ m², त्याला ३० मीटर आणि २० ने गुणलं की वजन २३५६ kN. हे वजन क्षेत्रफळाने भागलं की ६०० kN/m². इथे थांबून जरा बघ, ६०० म्हणजे नुसतं २० गुणिले ३० आहे, क्षेत्रफळ वर-खाली दोन्हीकडे असल्यामुळे कटून गेलं. म्हणजे सरळ उभ्या, एकाच जाडीच्या चिमणीत स्वतःच्या वजनाने बेसला येणारा दाब फक्त घनता गुणिले उंची, भिंत जाड असो की पातळ. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

वाऱ्याचं बळ काढताना क्षेत्रफळ घ्यायचं ते समोरून दिसणारं, म्हणजे व्यास गुणिले उंची, ३ × ३०. गोलाचा अर्धा परीघ घ्यायचा नाही, गोल असल्यामुळे वारा बाजूने निसटतो ते ०.७ मध्ये आलंच. बळ झालं ०.७ × १.२ × ९० = ७५.६ kN. दाब सगळीकडे सारखा धरलाय म्हणून हे बळ निम्म्या उंचीवर, १५ मीटरवर लागतं, मोमेंट ११३४ kN-m. त्याला Z ने भागलं की ५३३ kN/m².

```
σ = W/A ± M/Z
σmax = 600 + 533 = 1133 kN/m²
σmin = 600 − 533 =   67 kN/m²
```

प्लस कुठे आणि मायनस कुठे हे पाठ करायची गरज नाही. वारा पश्चिमेकडून आला तर चिमणी पूर्वेला झुकायला बघते, पूर्वेची कडा दाबली जाते आणि पश्चिमेची कडा वर उचलली जायला बघते. वजन मात्र दोन्हीकडे सारखंच दाबतंय. म्हणून वाऱ्यामागच्या बाजूला बेरीज, वाऱ्यासमोरच्या बाजूला वजाबाकी. आपल्या केसमध्ये वाऱ्यासमोरच्या कडेला अजून ६७ चा दाब शिल्लक आहे, म्हणजे तिथला सांधा मिटलेलाच राहतो.

नो टेन्शनची लिमिट यातूनच निघते, वेगळं काही नाही. M ऐवजी असं समज की वजन मध्यावर नसून मध्यापासून e एवढं सरकून बसलंय, e = M/W. आपल्याकडे ११३४ भागिले २३५६ म्हणजे ०.४८१ मीटर. σmin शून्याच्या खाली जाऊ नये यासाठी M/Z हा W/A पेक्षा मोठा नको, म्हणजे e हा Z/A पेक्षा मोठा नको. पोकळ गोलासाठी Z/A सोडवला की

```
e ≤ (D² + d²) / 8D
```

आकडे टाक, (९ + ४) भागिले २४, म्हणजे ०.५४२ मीटर. यालाच कोअर किंवा कर्नल म्हणतात, आपल्या चिमणीसाठी तो मध्याभोवती ०.५४२ मीटर त्रिज्येचा गोल आहे, वजन आणि वारा मिळून जो एकत्रित फोर्स होतो त्याची रेषा बेसला या गोलाच्या आत पडली पाहिजे. भरीव गोलाला d शून्य टाकलं की D/8 येतं, तो पुस्तकातला मिडल क्वार्टर रूल. पोकळ केल्यावर कर्नल मोठा होतो हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, पण कारण सोपं आहे, मधलं मटेरियल वाकण्याला विशेष विरोध करत नाही, ते काढलं की A झपाट्याने कमी होतं आणि Z त्या मानाने थोडाच.

आता तुझा खरा प्रश्न, मायनस आलं तर काय.

वीट आणि मसाला यांच्यातला सांधा दाब भरपूर घेतो, ताण जवळजवळ घेत नाही. थोडी पकड असते, पण ऊन-पाऊस-धूर खाल्लेल्या सांध्यात ती किती उरली हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून डिझाइनमध्ये ती शून्य धरायची. त्यामुळे −६० वगैरे आकडा आला तर तिथे ६० चा ताण आहे असं म्हणणं खोटं आहे, तो ताण घ्यायला तिथे काहीच नाही. प्रत्यक्षात होतं असं की तेवढा भाग सांध्यात उघडतो, कामातून जातो, आणि उरलेल्या रिंगला सगळं वजन आणि सगळा मोमेंट पेलावा लागतो. म्हणजे मायनस उत्तर चूक नसतं, पण त्या क्षणापासून वरचं सूत्र लागू राहत नाही, कारण सूत्राने पूर्ण रिंग काम करतेय असं गृहीत धरलं होतं.

आपल्याच चिमणीवर वारा वाढवून बघू. दाब १.२ चा १.५ kN/m² केला, म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी साधारण १६० वरून १८० किलोमीटर. मोमेंट १४१७, बेंडिंग ६६६, सूत्र सांगतं −६६. e झाला ०.६०२, कर्नलच्या बाहेर. आता ताण न घेणारी रिंग धरून न्यूट्रल अक्ष कुठे येतो ते ट्रायल करून काढलं तर वाऱ्यासमोरच्या कडेपासून साधारण १६ सेंटीमीटर आतपर्यंत सांधा उघडतो, भिंत ५० सेंटीमीटरची आहे म्हणजे त्या जागी भिंतीची तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जाडी. आणि विरुद्ध कडेला, म्हणजे वाऱ्यामागच्या बाजूला, दाब किती वाढला? सूत्राने १२६६, खरा साधारण १२६८. काहीच फरक नाही! म्हणून लिमिट जराशी ओलांडली की चिमणी धाडकन पडते असं अजिबात नाही. ही गोष्ट शिकवताना सांगितली जात नाही आणि मग मुलं मायनस बघून घाबरतात.

पण हे पुढे असंच राहत नाही. अजून वारा वाढवत नेला तर एक जागा अशी येते की न्यूट्रल अक्ष बरोबर मध्यातून जातो, अर्धी रिंग पूर्ण उघडी आणि अर्धी कामात. ही केस हाताने सोडवता येते, ट्रायल लागत नाही, अर्ध्या रिंगचा I आणि पहिला मोमेंट घेतला की e = १.००८ मीटर येतो, वाऱ्याचा दाब साधारण २.५ kN/m² ला. त्या वेळी कडेचा दाब होतो २२३० kN/m², तर साधं सूत्र अजून १७१६ म्हणत असतं. म्हणजे आता सूत्र तेवीस टक्क्यांनी कमी सांगतंय, आणि धोक्याच्या बाजूने कमी सांगतंय. २२३० म्हणजे २.२३ N/mm², साध्या भट्टीच्या विटेच्या कामाला हे खूप झालं, तिथे कडेच्या विटा चुरायला लागतात, चुरल्या की आधार आत सरकतो, आधार आत सरकला की दाब अजून वाढतो. विटांची चिमणी वाऱ्याने जाते ती अशी, ताणाने सुरुवात होते आणि शेवट विरुद्ध बाजूच्या दाबाने होतो.

आणि हे बघ, याच अवस्थेत ओव्हरटर्निंगचा चेक केला तर? बेसच्या बाहेरच्या कडेभोवती वजनाचा मोमेंट २३५६ × १.५ = ३५३४, वाऱ्याचा २३७४, फॅक्टर जवळजवळ १.५. म्हणजे उलटण्याच्या चेकमध्ये चिमणी पास होतेय आणि तिकडे अर्धा बेस उघडा पडलाय. सांधा पहिल्यांदा उघडायला लागतो त्या वेळी तर हा फॅक्टर २.७७ असतो (१.५ भागिले ०.५४२). कोणी नुसता ओव्हरटर्निंगचा फॅक्टर दाखवून चिमणी ठीक आहे म्हणत असेल तर त्याला e विचारायचा. नो टेन्शनची लिमिट म्हणूनच ठेवलीय, ती पडण्याची रेषा नाहीये, तिच्या आत असलो तर आपलं सूत्र खरं बोलतं आणि पूर्ण सेक्शन कामात असतो, एवढं ती सांगते.

आता ६७ शिल्लक आहे म्हणून तू खूश होशील, पण ६७ हा आकडा ६०० आणि ५३३ या दोन मोठ्या आकड्यांचा फरक आहे, आणि फरक हा फार नाजूक असतो. दोन्हींपैकी एकात थोडी चूक झाली की फरकात ती प्रचंड मोठी होते. वारा १२-१३ टक्के वाढला की ६७ संपतात, आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे वेगात तर फक्त सहा टक्के पुरतात. इंग्लंडमध्ये फेरीब्रिजला १ नोव्हेंबर १९६५ ला आठपैकी तीन कूलिंग टॉवर वाऱ्यात पडले, ते विटांचे नव्हते, काँक्रीटचे पातळ शेल होते, ११४ मीटर उंच, पण दुखणं याच जातीचं होतं. वाऱ्यासमोरच्या बाजूचा उचलणारा फोर्स वजा वजनाचा दाब, एवढाच फरक स्टीलवर येणार होता. डिझाइनला वारा एका मिनिटाच्या सरासरीचा धरला होता, झटक्याचा नाही, शिवाय टॉवर एकमेकांजवळ असल्यामुळे मागच्या टॉवरवरचा वारा वेगळाच वागला. वाऱ्यात थोडी वाढ म्हणजे फरकात कितीतरी पट वाढ, आणि स्टील तेवढं नव्हतं.

म्हणून वाऱ्याकडे नीट बघू. पुस्तकात १.२ सगळीकडे सारखा दिलाय, परीक्षेला तसंच कर. खऱ्या कामात आयएस ८७५ भाग ३ बघावा लागतो. त्यात मुंबईचा बेसिक वेग ४४ मीटर प्रति सेकंद, पुण्याचा ३९. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, मुंबईला १० मीटर उंचीपर्यंत ११६२ N/m², तुझ्या गणितातला १.२ त्याच्या जवळच आहे. पण वर गेलं की वारा वाढतो, मोकळ्या जागेला, म्हणजे टेरेन कॅटेगरी २ ला, वेगाचा k2 १० मीटरपर्यंत १.००, १५ ला १.०५, २० ला १.०७ आणि ३० ला १.१२. बाकीचे गुणांक १ धरले आणि चिमणीचे चार पट्टे करून प्रत्येकाला त्याच्या माथ्याचा k2 लावला तर दाब होतात १.१६, १.२८, १.३३ आणि १.४६ kN/m². प्रत्येक पट्ट्याचं बळ त्याच्या मध्यावर लावून बेसला मोमेंट घेतला की येतो १३०० kN-m.

बघ काय झालं. एकूण बळ ७५.६ चं ८२.४ झालं, नऊ टक्के. पण मोमेंट ११३४ चा १३००, जवळजवळ पंधरा टक्के, कारण वाढलेला वारा नेमका वर आहे जिथे लिव्हर आर्म मोठा आहे. बेंडिंग ६११, आणि σmin होतो −११. तीच चिमणी, पुस्तकाच्या सारख्या दाबाने पास, मुंबईच्या मोकळ्या जागेवर पट्ट्यांनी केली तर लिमिटच्या बाहेर. पुण्यात ३९ चा वेग धरून केलं तर दाब एकवीस टक्क्यांनी उतरतात आणि आरामात पास होते. त्यामुळे चिमणी सेफ आहे का याला जागा सांगितल्याशिवाय उत्तर नसतं.

दुसरी बाजू वजनाची, आणि इथे आपली नेहमीची सवय उलटी वागवायची असते. स्लॅब, बीम करताना वजन जरा जास्त धरलं की आपण सेफ बाजूला असतो. चिमणीच्या वाऱ्यासमोरच्या कडेला वजन आपल्या बाजूने लढतंय, तिथे जास्त धरलं तर आपण स्वतःला फसवतो. वीटकाम २० ऐवजी १८ निघालं, आणि हलक्या विटांचं ते सहज निघतं, तर ६०० चे ५४० होतात आणि पुस्तकातल्या वाऱ्यालाही फक्त ७ शिल्लक राहतात. म्हणून मी दोन वेगवेगळी गणितं करतो, σmin साठी वजन कमीत कमी आणि σmax साठी जास्तीत जास्त. लिमिट स्टेटमध्ये वाऱ्याबरोबर वजनाला ०.९ लावायचं जे कॉम्बिनेशन आहे त्यामागे हाच विचार आहे.

यातच आतल्या लायनिंगचं सांगतो. बऱ्याच जुन्या चिमण्यांना आतून फायर ब्रिकचं वेगळं लायनिंग असतं, मधे हवेची फट असते आणि ते स्वतःच्या पायावर उभं असतं. त्याचं वजन फाउंडेशनवर जातं पण बाहेरच्या शेलला दाबत नाही, म्हणून शेलच्या W मध्ये ते घ्यायचं नाही. आणि बाहेरच्या-आतल्या व्यासात लायनिंगची जाडी मोजून भिंत जाड दाखवायची हे तर अजिबातच नाही.

आता ते मघाशी लक्षात ठेव म्हणालो होतो ते. वजनाचा दाब घनता गुणिले उंची, म्हणजे उंचीच्या प्रमाणात वाढतो. वाऱ्याचा मोमेंट उंचीच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे सरळ चिमणीला एक उंची अशी असते की त्यापुढे ती नो टेन्शनमध्ये बसूच शकत नाही. दोन्ही स्ट्रेस सारखे टाकले की

```
H = 2 γ Z / (C p D)
```

इथे γ म्हणजे घनता, C आकाराचा गुणांक आणि p वाऱ्याचा दाब. आपल्या आकड्यांनी ३३.८ मीटर. म्हणजे कोणी म्हणालं की धूर खाली येतोय, पाच मीटर वाढवून द्या, तर उत्तर नाही असंच आहे, मग बेसची वीट कितीही चांगली असू दे. भिंत जाड करून किती मिळतं? समजा पूर्ण भरीव केली, जे अर्थातच करता येत नाही, तरी लिमिट ४२ मीटरवर थांबते, कारण वजनाचा दाब तर तेवढाच राहतो, फक्त Z थोडा वाढतो. व्यास वाढवला तर मात्र खरा फायदा, आतला-बाहेरचा त्याच प्रमाणात वाढवला तर Z व्यासाच्या घनाने वाढतो आणि वारा व्यासाच्या पहिल्या घाताने, म्हणजे लिमिटची उंची व्यासाच्या वर्गाने वाढते. खाली रुंद आणि वर निमुळत्या चिमण्या याच कारणाने बांधल्या, गिरणगावात ज्या उरल्यात त्या बघ. वर निमुळती केल्याने दोन कामं होतात, वरचा वारा जिथे सगळ्यात महाग पडतो तिथेच रुंदी कमी होते आणि खाली Z मोठा मिळतो.

पण निमुळती झाली की बेस हीच सगळ्यात वाईट जागा राहील याची खात्री जाते. उतरत्या चिमणीत भिंतीची जाडी टप्प्याटप्प्याने कमी करत नेतात, आणि जिथे जाडी एकदम कमी होते त्या टप्प्याच्या लगेच वर सेक्शन लहान असतो पण वारा मात्र त्या वरच्या सगळ्या भागाचा असतो. अशा प्रत्येक टप्प्याला वरचं W, वरचा M, तिथला A आणि Z घेऊन e काढायचा. परीक्षेत बेस विचारतात म्हणून बेस कर, खऱ्या चिमणीत सगळे टप्पे.

बेसला अजून एक गोष्ट असते, धूर आत यायचं तोंड आणि साफसफाईचं दार. आपल्या चिमणीत ०.९ मीटर रुंदीचं तोंड धरलं तर त्या पातळीला अकरा टक्क्यांच्या वर क्षेत्रफळ गेलं, आणि गेलं ते कडेचं, जिथून Z येतो. शिवाय उरलेल्या रिंगचा मध्य सरकतो, म्हणून वजन आता आपोआप थोडं एका बाजूला बसतं. तिथे सूत्र जसंच्या तसं न लावता नवीन मध्य काढून दोन्ही बाजूंनी वारा लावून बघायचा. जुन्या बांधणाऱ्यांनी तोंडाभोवती भिंत जाड केलेली दिसते ती यासाठीच.

σmax विसरू नकोस. ११३३ म्हणजे १.१३ N/mm². मिनिमम प्लस आलं की मुलं गणित संपलं म्हणतात, पण साधी वीट आणि साधा मसाला असेल तर एवढा दाबसुद्धा परवानगीच्या वर जाऊ शकतो, त्यामुळे वीट आणि मसाल्याचा दर्जा बघून तो चेक वेगळा करायचा. जमिनीचं तर अगदी हेच गणित, मातीही ताण घेत नाही. ६ मीटर व्यासाचं, दीड मीटर जाड गोल फाउंडेशन धरलं तर त्याचं वजन मिळवून एकूण साधारण ३३७४ kN, मोमेंट खालपर्यंत नेला की १२४७, e ०.३७ मीटर आणि लिमिट D/8 म्हणजे ०.७५, आरामात आत. खाली दाब एका कडेला १७८ आणि दुसऱ्या कडेला ६० kN/m², माती ते घेते का बघितलं की झालं.

कधी खऱ्या जुन्या चिमणीजवळ गेलास तर काय बघायचं तेही सांगतो. वाऱ्याने उघडणारा सांधा आडवा असतो, आणि वारा थांबला की वजनाने परत मिटतो, त्यामुळे शांत दिवशी चीर दिसेलच असं नाही. त्याच्या खुणा बघायच्या, आडव्या सांध्यातून बाहेर आलेली काजळीची रेघ, त्या सांध्यातला मसाला कडेने चुरून गेलेला, आणि विरुद्ध बाजूला विटांच्या कडांचे टवके उडालेले. आपल्याकडे किनाऱ्याला पावसाळ्यातला जोराचा वारा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणून खुणा त्या बाजूला खालच्या भागात आधी शोधायच्या आणि टवके ईशान्येला. उभ्या चिरा मात्र वाऱ्याच्या नसतात, त्या आतल्या उष्णतेच्या, आतली बाजू फुगते आणि बाहेरची ताणली जाते, त्यासाठीच चिमणीला लोखंडी पट्टे आवळलेले असतात. पट्टे गंजून गेले असतील तर तो वेगळा आजार आहे, पण उभ्या चिरांनी रिंगचे तुकडे पडले की मग ती एकसंध रिंग म्हणून वाकत नाही आणि आपला Z कागदावरच राहतो.

आणि सगळ्यात आधी थिओडोलाइट लावून चिमणी किती कलली आहे ते मोज. कललेल्या चिमणीचं वजन वारा नसतानाही मध्यापासून सरकलेलं असतं. सरळ चिमणी माथ्याला जेवढी बाहेर गेली त्याच्या निम्मा e बेसला आपोआप येतो. आपल्या केसमध्ये कर्नल ०.५४२, वाऱ्याचा e ०.४८१, शिल्लक फक्त ६ सेंटीमीटर. म्हणजे वारा जिकडे ढकलतो तिकडे माथा १२ सेंटीमीटर कलला की पुस्तकातल्या वाऱ्यालाच शिल्लक संपली, आणि तीस मीटरवर १२ सेंटीमीटर डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. तुझ्या वहीतल्या गणितात Z दुरुस्त केल्यावर हाही एक आकडा टाकून बघ, माथा १५ सेंटीमीटर कललाय असं धरून, e ०.५५६ येईल, आणि σmin किती येतो ते स्वतः काढ.